लिननच्या शर्टाच्या चुण्या एडिटरला कशा लिहून द्यायच्या

प्रश्न: कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं शर्टांचं दुकान आहे. उन्हाळ्यासाठी लिनन आणि कॉटनचे शर्ट काढलेत, फोटो बाहेर एडिट करून घेतो. एडिटरला 'चुण्या नॅचरल ठेव' असं लिहिलं की शर्ट एकतर आत्ताच इस्त्री केल्यासारखा येतो, नाहीतर गाठोड्यातून काढल्यासारखा. घालून वापरलेला दिसावा यासाठी नेमकं काय लिहून द्यायचं?

उत्तर:

'नॅचरल' हा शब्द सूचनेतून काढून टाका. त्याच्या जागी त्या माणसाने शर्ट घालून गेले दोन-तीन तास काय केलं ते लिहा: बसला होता का, टेकून की पुढे वाकून, हात कशावर होते, बाह्या कधी दुमडल्या. त्यानंतर त्या हालचालींनी शर्टावर कुठे आणि कशा खुणा राहिल्या ते लिहा, आणि कुठे काहीच राहिलं नाही तेही लिहा. एडिटरला विशेषणावरून चुणी काढता येत नाही, ती कशामुळे पडली ते कळलं की काढता येते. मी कपड्यांच्या फोटोंचं एडिटिंग करते आणि माझ्याकडे येणाऱ्या सूचनांमध्ये हीच गोष्ट बहुतेक वेळा नसते.

घातलेल्या शर्टावर दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी दिसत असतात. एक म्हणजे आत्ताच्या उभं राहण्यामुळे पडलेल्या वळ्या. हात खिशात घातला की बगलेतून छातीकडे ताण जातो, कोपर वाकलं की आतल्या बाजूला कापड गोळा होतं. या वळ्यांना जाडी असते, एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली असते, आणि माणूस हलला की त्या जातात. दुसरी गोष्ट म्हणजे मोड. मघाशी कापड जिथे दुमडून दाबलं गेलं होतं तिथे राहिलेली बारीक रेघ. तिला जाडी जवळजवळ नसते आणि माणूस उभा राहिला तरी ती जात नाही.

तुमच्या दोन्ही तक्रारी इथेच आहेत. फोटोत नुसत्या वळ्या असल्या आणि मोड एकही नसला, की डोळा म्हणतो शर्ट आत्ताच अंगात घातलाय. मोड सगळीकडे सारखे पसरले आणि त्यांचा बसण्या-वाकण्याशी संबंध लागला नाही, की गाठोड्यातला शर्ट दिसतो. 'नॅचरल ठेव' वाचून एडिटर एकतर सफाई करताना मोड पुसतो, कारण त्याला ते डाग वाटतात, नाहीतर कुठला तरी चुरगळलेल्या कापडाचा तयार पोत शर्टावर पसरवतो. दोन्हीत त्याचा दोष थोडा आहे, कारण कोणता मोड ठेवायचा हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मोड कुठे पडतो हे कापडाच्या गुणावर ठरतं. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या खोडातला धागा. तो बळकट असतो पण ताणला जात नाही. मूळ लांबीच्या दोन-तीन टक्के ताणला की तुटायला येतो. कापूस न तुटता त्याच्या दुपटीहून जास्त ताणला जातो. कापड दुमडलं की घडीच्या बाहेरच्या बाजूच्या तंतूंना ताणावं लागतं. लिननला ते जमत नाही, म्हणून तो तिथे कायमचा वाकतो आणि परत सरळ होत नाही. यात घामाची भर पडते. ओलाव्याने तंतूंच्या आतले दुवे सुटतात आणि कापड वाळताना ते वाकलेल्या स्थितीतच पुन्हा जुळतात. इस्त्रीची वाफ शर्ट सरळ करते तेही याच कारणाने. तिथे कापड सपाट धरलेलं असतं एवढाच फरक.

म्हणून मोड तिथेच गडद पडतात जिथे दुमडणं, दाब आणि घाम तिन्ही एकत्र येतात. कोपराच्या आतली खळगी, पाठीचा कमरेजवळचा भाग, आणि बसल्यावर पोटाखाली जमणारं कापड. एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपारी गाडीवरून एक चक्कर मारून आलेल्या माणसाचा लिनन शर्ट बघा, या तीन जागा तुम्हाला लगेच सापडतील. बगलेत घाम सर्वांत जास्त असूनही तिथे मोडांपेक्षा वळ्याच जास्त दिसतात, कारण तिथलं कापड दाबून बसत नाही, सारखं हलत राहतं.

आणि जिथे मोड पडत नाहीत त्या जागा लिहायला विसरू नका. कॉलर, कफ आणि पुढची बटणपट्टी यांत कापडाचे दोन थर असतात आणि बहुतेक शर्टांत आत कॅनव्हास किंवा चिकटवलेलं अस्तर असतं. खांद्यावरचा योकही दुहेरी असतो आणि खांद्यावर ताणून बसलेला असतो. दिवसभर घातलेल्या शर्टातही हे भाग बऱ्यापैकी नीट राहतात. एडिटरने योकवर जाळं काढलं आणि कॉलर चुरगळली की शर्ट घातलेला नाही, निष्काळजीपणे ठेवलेला दिसतो. नीट कॉलर आणि तिच्याखाली मोडलेलं अंग ही जोडीच घातलेल्या शर्टाची खूण आहे. कॉलरमध्ये बदल करायचाच तर एवढाच की टोकं अगदी समान नसावीत. एक टोक थोडं बाहेर वळलेलं चालतं.

आता कोपर जवळून पाहू, कारण फोटो तिथेच पकडला जातो. हात वाकलेला असताना आतल्या बाजूला कापड नागमोडी जमतं. हात सरळ केल्यावर त्या जागी जे उरतं त्या बांगड्यांसारख्या समांतर रेघा नसतात. खळगीच्या मधोमध दोन-तीन खोल मोड असतात, ते बाहेरच्या बाजूला जाताना फाटे फोडतात, फाटे एकमेकांना तिरके छेदतात आणि मध्ये लहान चौकटी तयार होतात. कोपराच्या हाडाकडे पोचेपर्यंत सगळं विरून जातं. तिथे कापड ताणलेलं असतं, कधी थोडं फुगलेलंही. मोडाचं एक टोक जोरकस आणि दुसरं विरळ असतं. दोन्ही टोकं सारखी दिसली की ती रेघ ब्रशने ओढलेली आहे हे समजावं.

मापं सेंटिमीटरमध्ये लिहू नका, एडिटरच्या स्क्रीनवर त्याला अर्थ नसतो. शर्टाच्या बटणाचं माप वापरा. साध्या शर्टाचं बटण साधारण 11 मिलिमीटरचं असतं आणि ते फोटोत समोरच दिसत असतं. मोडाची जाडी बटणाच्या दहाव्या हिश्शाएवढी, लांबी तीन ते पाच बटणं. वळीची रुंदी एक ते दोन बटणं. एवढं लिहिलं तरी एडिटर जाड दोरखंड काढायचं थांबवतो.

आता एक शर्ट घेऊन पूर्ण सूचना लिहून दाखवते. आकाशी रंगाचा साधा लिनन शर्ट, फुल बाही, बाह्या कोपराखाली दुमडलेल्या, शर्ट पँटबाहेर. मॉडेल रंकाळ्याच्या दगडी कठड्याशी उभा आहे, उजवा हात खिशात, डावा कठड्यावर टेकलेला. ऊन संध्याकाळचं, आपल्या डावीकडून, खालच्या कोनातून. शर्ट पाकिटातून काढून प्रेस करून घातलेला, त्यामुळे मूळ फोटोत फक्त वळ्या आणि इस्त्री-घडीच्या सरळ रेघा आहेत, वापराचे मोड नाहीत. एडिटरला मी असं लिहीन:

"शर्ट सकाळी इस्त्री करून घातला. माणूस अर्धा तास मोटारसायकलवर आला, मग तासभर खुर्चीत मागे टेकून बसला, हात टेबलावर वाकलेले होते. आता उठून उभा राहिला आहे.

पोटाखाली, शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या उंचीवर, पट्टीच्या दोन्ही बाजूंना आडवे मोड. डावीकडे तीन, उजवीकडे दोन, उंची जुळवू नये. पट्टीपाशी स्पष्ट सुरू होऊन शिवणीकडे विरत जावेत. पट्टी स्वतः मोडलेली नको, पण दोन बटणांमध्ये किंचित बाहेर आलेली चालेल.

डाव्या कोपराच्या आत, हात आत्ता जवळजवळ सरळ आहे, म्हणून फक्त मोड: मध्यावर खोल, बाहेर जाताना फाटे फुटलेले. उजवं कोपर आत्ता वाकलेलं आहे, म्हणून तिथे मूळ वळ्या आहेत तशाच ठेवाव्यात, वर मोड वाढवू नयेत.

बाहीवर खांद्यापासून खाली गेलेली इस्त्रीची सरळ धार पूर्ण काढावी. पाकिटातल्या घडीच्या उभ्या-आडव्या सरळ रेघाही काढाव्यात. दुमडलेल्या बाहीचे थर एकसारखे नकोत. वरचा थर थोडा सैल.

योक, कॉलर, कफ यांवर मोड नकोत. छातीवर, खिशाच्या वर, काही वाढवू नये.

ऊन डावीकडून आणि खालच्या कोनातून आहे. उभ्या मोडांची उजवी बाजू सावलीत, आडवे मोड फिके. सावली काळी नको; शर्टाचाच आकाशी रंग गडद करून घ्यावा."

यात पाठीचा उल्लेख नाही, कारण या फोटोत पाठ दिसत नाही. पाठमोरा फोटो असता तर खुर्चीला टेकलेल्या भागाचं वेगळं लिहावं लागलं असतं. तिथले मोड दुमडून पडत नाहीत, चिरडून पडतात. म्हणजे कापडाच्या वळ्या अंग आणि खुर्ची यांच्यामध्ये सपाट दाबल्या जातात, रेघा बारीक, तुटक आणि कुठल्याही दिशेच्या असतात, एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि त्यांची खालची हद्द खुर्चीच्या पाठीच्या कडेशी संपते. ती हद्द ठेवायला सांगा. तिच्याशिवाय नुसता चोळामोळा दिसतो.

उन्हाचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. दुपारी ऊन डोक्यावर असताना आडव्या मोडांखाली सावली पडते आणि उभे मोड जवळजवळ दिसत नाहीत. संध्याकाळी बाजूने ऊन आलं की उलट होतं. एडिटर सगळ्या दिशांच्या मोडांना सारखी सावली देतो तेव्हा बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. सावलीत किंवा ढगाळ हवेत काढलेल्या फोटोत तर मोड अगदी मंद हवेत. तिथे खोल काळ्या रेघा मारल्या की शर्टावर पेनने ओढल्यासारख्या वाटतात.

हाच माणूस, हेच बसणं, पण शर्ट इचलकरंजीच्या पॉपलिनचा, बारीक निळ्या पट्ट्यांचा असेल तर सूचना बदलते. जागा त्याच राहतात. मोड संख्येने थोडे जास्त, पण उथळ आणि मऊ होतात. लिननचा मोड कोनात वळतो, कॉटनचा गोलसर. त्याशिवाय धुतलेल्या कॉटनच्या शिवणींवर बारीक आवळल्यासारखी चुणी येते, विशेषतः पट्टीच्या कडेला आणि बाहीच्या शिवणीवर, कारण धुण्यात कापड आणि शिवणीचा दोरा सारखे आटत नाहीत. ही चुणी पोटाजवळच्या एखाद्या मोडापेक्षाही जास्त खात्री देते की शर्ट वापरातला आहे. मात्र ती शिवणीपासून बटणभर अंतरातच संपली पाहिजे.

पट्ट्यांमुळे काम अवघड होतं. वळीच्या जागी पट्टी खरोखर तुटते: वळीच्या आत शिरते आणि पलीकडे थोडी सरकून बाहेर येते. मोडाच्या जागी ती तुटत नाही, फक्त किंचित वाकते. एडिटरने सपाट पट्ट्यांवर नुसती सावली टाकली तर पट्टी वळीतून सरळ जाते आणि तिथेच सगळं उघडं पडतं. म्हणून पट्ट्या किंवा चेक्स असतील तर सूचनेत लिहा की आधी कापड वाकवून पट्टी हलवायची, सावली नंतर. फोटोशॉपमध्ये लिक्विफायने हे थोड्या प्रमाणात होतं. साध्या शर्टात हीच गोष्ट विणीच्या बाबतीत लागू होते. लिननमध्ये जाड-बारीक सुताच्या आडव्या-उभ्या रेषा दिसतात. मोडावरून जाताना त्यांनीही वाकायला हवं. बरेच एडिटर पोत आणि उजेड-सावली वेगळ्या लेयरवर घेऊन फक्त सावलीचा लेयर हलवतात. पोत सपाटच राहतो आणि शर्ट प्लॅस्टिकचा वाटतो.

काम परत आल्यावर मी आधी फोटो अगदी लहान करून बघते, मोबाईलवर ग्राहकाला दिसेल तेवढा. तेवढ्या आकारात मोड वेगवेगळे दिसू नयेत, फक्त शर्ट मऊ पडलाय एवढं जाणवावं. लहान फोटोतही रेघा मोजता आल्या तर त्या जास्त झाल्यात. मग शर्टाची बाहेरची कड बघते. कोपराशी, कमरेशी आणि खालच्या घेराशी कड थोडी खालीवर झालेली असावी. आत मोड आणि बाहेर सरळ गुळगुळीत कड, ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. शेवटी दोन्ही बाह्या शेजारी ठेवून बघते. एका बाहीचे मोड उलटे करून दुसरीवर लावलेले असले की ते इथे सापडतं.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. कडक इस्त्रीतल्या शर्टाचा फोटो असेल तर दोन-तीन जागी मोड वाढवून मिळतात, पूर्ण घातलेला शर्ट मिळत नाही. असलेला मोड कमी-जास्त करणं सोपं, नसलेला जन्माला घालणं कठीण आणि महाग. म्हणून फोटोच्या दिवशी मॉडेलला शर्ट घरूनच घालून गाडीवर यायला सांगा, चहा होईपर्यंत टेकून बसू द्या, मग उभं करा. कॉलर, कफ आणि पट्टी तेवढी जागेवर वाफेने नीट करा, बाकीला हात लावू नका. अशा फोटोसाठी एडिटरला लिहायची सूचना दोन ओळींची होते: कोणते मोड काढायचे आणि बाकीचे कशालाही हात न लावता ठेवायचे. मूळ फोटो पुन्हा काढणं शक्य नसेल तर निदान त्याच कापडाचा शर्ट कोणीतरी दोन तास घालून, त्याच दिशेच्या उन्हात, मोबाईलवर कोपर आणि पोट जवळून टिपा आणि सूचनेसोबत पाठवा. माझ्यासाठी असे दोन फोटो लांबलचक सूचनेपेक्षा जास्त कामाचे असतात.

कापडावर सुरकुती न पडणारी प्रक्रिया केलेला कॉटनचा शर्ट तुमच्या मालात असेल, तर त्याच्या फोटोत मोड वाढवायला सांगू नका. त्या प्रक्रियेत तंतूंच्या आत रसायनाचे पक्के दुवे तयार होतात, म्हणून घामाने ते सुटत नाहीत आणि खऱ्या वापरातही त्यावर फार तर मंद वळ्या राहतात. ग्राहक त्याच गुणासाठी पैसे देणार आहे. लिननचं याच्या उलट आहे. त्याचे मोड फोटोत पुसले तर घेणारा पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन येतो की कापड चुरगळतं. म्हणून दोन्ही शर्टांच्या सूचना वेगळ्या फाईलमध्ये पाठवा आणि फाईलच्या नावातच कापड लिहा, म्हणजे एडिटर सगळ्यांवर एकच हात फिरवणार नाही.